साठ-चाळीसचं घर : सामाईक गृहकर्जाचं व्याज आणि मुद्दल दोघांत कसं वाटलं

वकिलांनी खरेदीखताचा कच्चा मसुदा पाठवला, त्यात आम्हा दोघांची नावं, वय, धंदा, पॅन, 'राहणार जळगाव' असं सगळं होतं. फक्त कोणाचा हिस्सा किती, हे कुठेच नव्हतं. फोन केला तर ते म्हणाले, "मॅडम, नवरा-बायकोत कोण हिस्से लिहितं?" खरं तर लिहायची जागा तीच एक असते. पुढे बँक हिस्सा लिहीत नाही, नोंदणी कार्यालयाच्या सूची क्रमांक दोनवरही तो ठळक येत नाही, आणि आयकर विवरणपत्रात मात्र प्रत्येकाला आपला टक्का भरावा लागतो. तो टक्का तिथे मनाने टाकायचा नसतो, तो खरेदीखतातून येतो.

आम्ही मसुद्यात एक कलम घालून घेतलं, ते असं होतं : "सदर मिळकतीत लिहून घेणार क्र. १ यांचा अविभक्त हिस्सा ६० टक्के व लिहून घेणार क्र. २ यांचा अविभक्त हिस्सा ४० टक्के राहील. खरेदीची रक्कम व गृहकर्जाची परतफेड उभयतांनी याच प्रमाणात केली आहे व करावयाची आहे." दोन वाक्यं, पण पुढची सगळी कागदपत्रं त्यांच्यावर उभी राहिली.

हे कलम नसतं तर काय झालं असतं? सहमालकांनी किती पैसा घातला हे दाखवता येत असेल तर त्या प्रमाणात हिस्सा, आणि दाखवता येत नसेल तर सगळ्यांचा हिस्सा सारखा, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ धरून चालतं. म्हणजे खतात काही नसेल तर एक तर दहा वर्षांचे बँक उतारे शोधत बसायचं, नाही तर निम्मं-निम्मं मान्य करायचं. निम्म्यात वाईट काही नाही. पैसा खरोखर निम्मा-निम्मा गेला असेल तर तेच बरं. फक्त ते ठरवून झालेलं असावं.

आता आकडे सांगते. पिंप्राळ्यातलं तयार रो-हाऊस, किंमत ४९ लाख. नवरा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इंजिनिअर, मी शिक्षिका. कर्ज ३९ लाख, दर साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं, हप्ता ३३,८४५ रुपये. वरचे दहा लाख घरचे, त्यातले सहा लाख नवऱ्याचे आणि चार माझे. माझ्या चारमध्ये दीड लाख मुदत ठेवीचे आणि अडीच लाख माझ्या वडिलांनी दिलेले. रावेरच्या केळीचे पैसे आले तेव्हा त्यांनी ते थेट माझ्या खात्यात आरटीजीएसने टाकले, आणि एका साध्या कागदावर 'मुलीला बक्षीस' म्हणून सहीनिशी लिहून दिलं. बापाकडून मुलीला आलेल्या अशा रकमेवर कर लागत नाही. ती माझी रक्कम झाली आणि त्यातून घेतलेला हिस्साही माझाच झाला.

ही बारीकसारीक चौकशी करायचं कारण असं. नवऱ्यानं बायकोला पैसे दिले आणि बायकोनं त्यातून हिस्सा घेतला, तर त्या हिश्शाचं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. आयकरात उत्पन्न म्हटलं की तोटाही त्यात येतो. राहत्या घराचं उत्पन्न शून्य धरतात, त्यातून व्याज वजा झालं की तोटा होतो, आणि आपली वजावट म्हणजे हा तोटाच. तो नवऱ्याकडे सरकला की बायकोच्या हातात काही राहत नाही. म्हणून पैसे रोखीनं, घरातल्या डब्यातून, 'दोघांचेच आहेत ना' म्हणून दिले की पुढे सिद्ध करता येत नाही.

याहून मोठी फसगत वेगळीच असते, आणि आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये निम्मी मंडळी त्यात सापडतात. घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असतं. कर्ज मंजूर होताना पगार कमी पडतो, म्हणून बँक बायकोचं नाव सहकर्जदार म्हणून घालते. हप्ता दोघांच्या पगारातून जातो. मग जानेवारीत बायको व्याजाचा दाखला घेऊन कार्यालयात जाते आणि म्हणते, दाखल्यावर माझंही नाव आहे. नाव आहे, पण मालकी नाही, आणि मालकी नसेल तर १९६१च्या आयकर कायद्यातली कलम २४(बी)ची व्याजाची वजावट नाही, कलम ८०सीची मुद्दलाचीही नाही. उलट मालक आहे पण कर्जात नाव नाही, त्यालाही काही मिळत नाही. मालक असणं, कर्जदार असणं आणि परतफेड करणं, तिन्ही एकाच माणसात जुळावं लागतं.

यावर गावातला ठरलेला सल्ला म्हणजे, 'मग आता बक्षीसपत्र करून टाका की, बायकोच्या नावे दिलं तर मुद्रांक दोनशे रुपये.' महाराष्ट्रात राहतं घर पती, पत्नी, मुलं यांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क खरंच दोनशे रुपये आहे, स्थानिक अधिभाराचा विषय वेगळा. गहाण असलेल्या घरासाठी बँकेची लेखी संमतीही लागते. हे सगळं करूनही वजावट मिळत नाही, कारण त्याच आयकर कायद्याचं कलम २७. पुरेसा मोबदला न घेता जोडीदाराला घर दिलं तर कराच्या हिशेबात देणाराच मालक राहतो. बायको सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर मालक होते, आयकरात होत नाही. म्हणजे नाव घालायचं ते पहिल्याच खतात, पैसे देऊन. नंतरची मलमपट्टी लागू पडत नाही.

पहिल्याच खतात दोघांची नावं घालण्याचा एक तोटा आहे, तो आम्हाला ४९ हजारांना पडला. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सूट आहे. नवरा सहखरेदीदार झाला की ती जाते. आम्ही ती सोडली, कारण पूर्ण घर माझ्या एकटीच्या नावावर असतं तर माझ्या पगारावर ३९ लाखांचं कर्ज झालं नसतं, आणि नवऱ्याची व्याजाची वजावट पूर्ण गेली असती.

६०-४० हा आकडा आला तो आधी पैशातून : सहा लाख आणि चार लाख. मग बँकेकडून परतफेडीचा तक्ता आधीच मागून घेतला आणि पहिल्या पूर्ण वर्षाचं व्याज पाहिलं. ते ३,२८,५२२ रुपये होतं आणि मुद्दल ७७,६१८. राहत्या घराला व्याजाची वजावट माणशी दोन लाखांपर्यंतच मिळते, घरामागे नव्हे. घर एकाच नावावर असतं तर वरचे १,२८,५२२ रुपये वाया गेले असते. ६० टक्के म्हणजे १,९७,११३, दोन लाखांच्या जेमतेम आत. ४० टक्के म्हणजे १,३१,४०९. नवऱ्याचा हिस्सा ६५ टक्के केला असता तर त्याच्या वाट्याला २,१३,५३९ आले असते आणि साडेतेरा हजारांची वजावट कोणालाच मिळाली नसती. पहिल्या वर्षी व्याज सर्वात जास्त असतं, पुढे ते उतरत जातं. त्यामुळे पहिलं वर्ष बसलं की पुढची बहुतेक बसतात. दर वाढला तर मात्र पुन्हा पाहावं लागतं.

खरेदीखत मार्च २०२४ मध्ये झालं. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी मिळून ३,२४,००० रुपये गेले. हेसुद्धा ८०सीमध्ये बसतात, पण ज्या वर्षी भरले त्याच वर्षी, आणि तेही हिश्शाच्या प्रमाणात : त्याचे १,९४,४०० आणि माझे १,२९,६००. भविष्य निर्वाह निधी आणि विमा वगैरे धरून त्याची ८०सीच्या दीड लाखाच्या मर्यादेत ३३ हजारांची जागा उरली होती, माझी २६ हजारांची. बाकीचं वाया गेलं, ते पुढच्या वर्षी नेता येत नाही. तरी मार्चमध्ये नोंदणी झाल्याचा एवढा फायदा झाला की २०२३-२४ची उरलेली जागा मुद्रांकानं भरली आणि २०२४-२५ची मुद्दलाला मोकळी राहिली. हेच खत एप्रिलमध्ये झालं असतं तर दोन्ही एकाच जागेसाठी भांडले असते.

बँकेची बाजू सोपी आहे, फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. बँकेला ६०-४० कळत नाही. दोघंही पूर्ण ३९ लाखांना बांधील असतात, दोघांच्याही पतअहवालात पूर्ण कर्ज दिसतं. त्यामुळे उद्या मला दुसरं कर्ज हवं असेल तर पूर्ण हप्ता माझ्या नावानं मोजला जाईल. व्याजाचा दाखलाही एकच निघतो, दोघांच्या नावाचा, पूर्ण रकमेचा. 'आमच्या दोघांचा वेगळा दाखला द्या' म्हणून काउंटरवर वाद घालण्यात अर्थ नाही. वाटणी आपण करायची, आणि ती दिसेल अशी ठेवायची.

त्यासाठी आम्ही एक संयुक्त बचत खातं फक्त हप्त्यासाठी काढलं. दर महिन्याच्या एक तारखेला नवऱ्याच्या पगार खात्यातून २०,३०७ आणि माझ्या खात्यातून १३,५३८ रुपये त्यात जातात, आणि पाच तारखेला ३३,८४५ चा हप्ता आपोआप कापला जातो. दोन्ही स्थायी आदेश बँकेत एकदाच लावले. त्या खात्यात किराणा नाही, गॅस नाही, दुसरं काही नाही. उताऱ्यावर दर महिन्याला तीनच ओळी : दोन जमा, एक नावे. कोणी विचारलंच तर बारा महिन्यांचा उतारा एका पानात येतो.

बऱ्याच घरांत हप्ता एकाच्या खात्यातून जातो आणि दुसरा 'घरखर्च मी बघते' म्हणतो. संसाराला ते ठीक आहे, पण कराच्या हिशेबात किराण्याची पिशवी हप्ता होत नाही. व्याजाच्या कलमात 'देय' व्याज असा शब्द आहे, म्हणजे हप्ता एखाद-दुसरा चुकला तरी त्या वर्षाचं व्याज धरता येतं. ८०सीमध्ये मात्र मुद्दल प्रत्यक्ष भरलेलं लागतं, आणि भरलेलं म्हणजे त्या माणसानं भरलेलं. त्यामुळे निदान हिश्शाची रक्कम महिन्याच्या महिन्याला त्या खात्यात वळती करावी. वर्षाअखेर मार्चमध्ये एकदम दीड लाख वळते केले तरी काम भागतं, पण तो उतारा पाहिला की कोणालाही कळतं की हा कागद नंतर केलेला आहे.

२०२४-२५ मध्ये पगारातून कर कापताना नमुना १२बीबी द्यावा लागला. त्यात बँकेचं नाव, पत्ता, पॅन आणि व्याजाची रक्कम लिहायची. मी माझ्या नमुन्यात १,३१,४०९ लिहिले आणि मागे व्याजाचा दाखला जोडला. कार्यालयातून पहिला आक्षेप आला तो दाखल्यावर पहिलं नाव नवऱ्याचं आहे म्हणून, आणि दुसरा, दाखल्यात ३,२८,५२२ आहेत, मग तुम्ही १,३१,४०९ का लिहिले म्हणून. दोन्हीला एकच उत्तर होतं. खरेदीखताचं हिश्शाच्या कलमाचं पान, आणि दोघांच्या सहीचं एक पानी निवेदन : कर्ज खाते क्रमांक अमुक, एकूण व्याज इतकं, एकूण मुद्दल इतकं, पैकी पतीचा ६० टक्के वाटा इतका, पत्नीचा ४० टक्के इतका, दोघांनी याहून जास्त मागणी केलेली नाही. दोघांचे पॅन खाली. त्याची एक प्रत नवऱ्याच्या कारखान्याच्या लेखा विभागालाही दिली. दोन्हीकडे एकच कागद गेला की दोन वेगळे आकडे जाण्याची भीती राहत नाही.

जानेवारीत मिळतो तो दाखला तात्पुरता असतो, त्यात मार्चपर्यंतचं व्याज अंदाजानं धरलेलं असतं. मधेच काही रक्कम आगाऊ भरली किंवा दर बदलला तर अंतिम दाखल्यात फरक पडतो. विवरणपत्र भरताना एप्रिलनंतरचा अंतिम दाखलाच धरावा, मग कापलेल्या करात दोन-चारशेचा फरक आला तरी चालेल.

मुद्दलाबद्दल सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा : "ताई, यांची ८०सी तर पीएफनंच भरते, मग सगळं मुद्दल माझ्याकडे दाखवू का?" नाही. मुद्दलही त्याच वाटेनं जातं. आमच्या ७७,६१८ पैकी त्याचे ४६,५७१ आणि माझे ३१,०४७. त्याचे पीएफ आणि विम्याचे १,१७,००० होते, म्हणजे दीड लाखाच्या मर्यादेत त्याचे ३३ हजारच बसले, बाकीचे साडेतेरा हजार गेले. माझे १,२४,००० होते, २६ हजार बसले. त्याचे उरलेले माझ्याकडे आणता येत नाहीत, आणि माझ्याकडे जागा असती तरी आणता आले नसते. व्याज एका प्रमाणात आणि मुद्दल सोयीनं दुसऱ्या प्रमाणात, असं करणारे दोन्ही विवरणपत्रं एकत्र ठेवली की लगेच उघडे पडतात.

एक गोष्ट जाता जाता : ज्या वर्षी ताबा घेतला ते वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत घर विकलं तर मुद्दलाची आणि मुद्रांकाची घेतलेली ८०सीची वजावट विक्रीच्या वर्षी पुन्हा उत्पन्नात जमा होते, ज्यानं जितकी घेतली त्याच्याच. व्याजाला हा नियम नाही.

आता विवरणपत्र. २०२४-२५ या वर्षाचं, म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२५-२६ चं. नवी करप्रणाली आपोआप लागू असते आणि तिच्यात राहत्या घराच्या व्याजाला आणि ८०सीला जागा नाही. जुनी हवी असेल तर ती निवडावी लागते, आणि पगारदारांनी त्यासाठी मुदतीत विवरणपत्र भरलंच पाहिजे. त्या वर्षी मुदत वाढत वाढत १६ सप्टेंबर २०२५ पर्यंत गेली. नवरा-बायकोला एकच प्रणाली घ्यावी लागत नाही, ज्यानं त्यानं आपापली निवडायची. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

आयटीआर-२ मध्ये घराच्या पानावर 'मिळकत सहमालकीची आहे का' याला हो म्हटलं की आपला टक्का, सहमालकाचं नाव, पॅन आणि त्याचा टक्का विचारतात. ते दोघांनी एकमेकांचं आरशासारखं भरायचं. मग व्याजाची रक्कम. हिची गंमत अशी की टक्का भरला म्हणून ती आपोआप कमी होत नाही. इथे मी चुकून ३,२८,५२२ टाकले असते तर यंत्रणेनं मर्यादेप्रमाणे २,००,००० धरले असते आणि काही न बोलता पुढे नेलं असतं. नवऱ्यानंही तसंच केलं असतं तर आम्ही दोघांनी मिळून चार लाखांची वजावट घेतली असती, जेव्हा व्याजच सव्वातीन लाख आहे. ही चूक मी दोन वर्षांत चार घरांत पाहिली, आणि चारही ठिकाणी भरणाऱ्याला वाटत होतं की संगणकानं मान्य केलं म्हणजे बरोबर आहे. ओळखायची खूण सोपी : दोघांच्या विवरणपत्रांतलं व्याज एकत्र करा, ती बेरीज बँकेच्या दाखल्यापेक्षा जास्त आली की चूक.

त्याच पानाशी कर्जाचा तपशील मागतात : बँक, खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, एकूण कर्ज आणि ३१ मार्चची शिल्लक. एकूण कर्ज ३९,००,००० आणि शिल्लक ३८,२२,३८२ हे आम्ही दोघांनीही दाखल्याप्रमाणे पूर्ण टाकले, कारण ते कर्जाचं वर्णन आहे. हिश्शानं कमी केलं ते फक्त व्याज, आणि ८०सीच्या पानावर मुद्दल.

आता कराचा हिशेब, उपकर धरून. नवऱ्याचा पगार १४ लाख. जुन्या प्रणालीत ५०,००० ची प्रमाणित वजावट, २,५०० व्यवसाय कर, १,९७,११३ व्याज, ८०सीचे दीड लाख, स्वतःहून एनपीएसमध्ये भरलेले ५०,००० आणि आरोग्य विम्याचे २५,००० गेल्यावर ९,२५,३९० उरले, कर १,०१,४८०. नव्या प्रणालीत तोच कर १,०९,२०० झाला असता. माझा पगार ९ लाख. जुन्यात ५,६६,०९० उरले, कर २६,७५०. नव्यात ३३,८००. दोघांनी जुनी घेतली, एकूण कर १,२८,२३०, नव्यापेक्षा १४,७७० रुपये कमी. घर त्याच्या एकट्याच्या नावावर असतं तर त्याला पूर्ण दोन लाख मिळाले असते आणि मी नव्या प्रणालीत गेले असते, एकूण कर १,३४,६८०. म्हणजे माझं नाव घालण्याची त्या वर्षीची कमाई ६,४५० रुपये. दोघांच्या नावानं कर्ज घेतलं की लाखभर वाचतात असं सांगणाऱ्यांनी एकदा कागद-पेन घेऊन बसावं.

आणखी एक गोष्ट हिशेब मांडल्यावरच दिसली. ज्याचा पगार मोठा त्याचा हिस्सा मोठा, असं सगळे डोळे मिटून सांगतात. आम्ही दोघंही त्या वर्षी २० टक्क्यांच्या टप्प्यात होतो. त्यामुळे हिस्सा निम्मा-निम्मा असता तरी एकूण कर तेवढाच आला असता, त्याचा जितका वाढला तितका माझा घटला असता. पण हिस्से उलटे, म्हणजे माझे ६० आणि त्याचे ४० असते तर? माझं करपात्र उत्पन्न ५,००,३९० वर आलं असतं. जुन्या प्रणालीत पाच लाखांपर्यंत पूर्ण सूट आहे आणि एक पायरी वर गेलं की ती सगळी जाते. आरोग्य तपासणीची एखादी पावती लावून ते तीन-चारशे रुपये खाली आणले असते की माझा कर शून्य. नवरा मग नव्या प्रणालीत गेला असता, १,०९,२०० भरून, त्याची व्याजाची वजावट न वापरता. घराचा एकूण कर १,०९,२००, आमच्यापेक्षा १९ हजारांनी कमी. लहान पगाराला मोठा हिस्सा देण्यात फायदा होता.

तरी आम्ही तसं केलं नसतं, आणि हळहळही नाही. साठ टक्के हिस्सा घ्यायला माझ्याकडे सहा लाख हवे होते, ते नव्हते. नवऱ्याकडून घेतले असते तर वर सांगितलेली अडचण उभी राहिली असती. शिवाय पुढच्याच वर्षी हे सगळं गणित पालटलं. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, पगारदाराला प्रमाणित वजावटीचे ७५ हजार धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. माझ्या ९ लाखांवर कर शून्य. त्याच्या १४ लाखांवर नव्यात ८१,९०० आणि जुन्यात, तेवढ्याच वजावटी धरल्या तरी, लाखाच्या आसपास. दोघंही नव्यात गेलो आणि राहत्या घराचं व्याज कागदावर उरलं. फक्त एका वर्षाच्या करासाठी हिस्से उलटे केले असते तर वीस वर्षं ते तसेच राहिले असते, कारण हिस्सा बदलणं म्हणजे नवं हस्तांतरण. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आहे, तेव्हा जुन्या कलमांचे आकडे नव्या वर्षांच्या कागदांवर टाकू नयेत.

हप्ता मात्र आजही एक तारखेला २०,३०७ आणि १३,५३८ असाच जमा होतो. उद्या नवऱ्याची बदली झाली आणि घर भाड्यानं दिलं, तर भाडंही ६०-४० वाटलं जाईल, आणि नव्या प्रणालीतसुद्धा ज्याच्या त्याच्या हिश्शाच्या भाड्यातून ज्याचं त्याचं व्याज वजा होईल. भाड्याहून जास्त व्याज असलं तर तो तोटा पगारातून कापता येणार नाही, पण भाड्यावरचा कर वाचेल. घर विकलं तर भांडवली नफाही याच प्रमाणात दोघांच्या विवरणपत्रांत जाईल. म्हणून खरेदीखताची प्रत, वडिलांचा बक्षिसाचा कागद, दर वर्षीचा अंतिम दाखला, त्याचं एक पानी निवेदन आणि हप्त्याच्या खात्याचा उतारा, एवढं एका फाईलमध्ये वर्षाच्या क्रमानं लावलेलं आहे. वजावट घेतली नाही त्या वर्षाचंही.